‘नाकारलं’ हा शेरा कुणाचा? सोलापूरच्या ऑनलाइन चादर-टॉवेल विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातून चादरी, टॉवेल, नॅपकिन ऑनलाइन विकणारे सर्व लहान कारखानदार आणि व्यापारी

विषय: परत येणाऱ्या पार्सलांबाबत रविवारच्या बैठकीत ठरलेल्या दोन गोष्टी

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपण बसलो तेव्हा दोन गोष्टी जवळपास एकमताने ठरल्या. पहिली अशी, की गिऱ्हाईकाने आधी पैसे भरले असतील आणि नंतर पार्सल घ्यायला नकार दिला, तर त्याला एक रुपयाही परत द्यायचा नाही. दुसरी अशी, की पार्सल नाकारणाऱ्यांचे मोबाईल नंबर एका यादीत टाकायचे, ती यादी सगळ्यांनी वापरायची आणि त्या नंबरावरून आलेली ऑर्डर घ्यायची नाही. मी मागच्या रांगेत होते. वडीलधारे अण्णा बोलत होते, म्हणून मध्ये बोलले नाही. पण तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून हे पत्र.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या घरचे माग आहेत. मागावरचं, रंगाचं मला फार कळत नाही. ते सासरे आणि दीर बघतात. ऑनलाइनच्या ऑर्डरी मात्र पहिल्या दिवसापासून मी पाहते आणि परत आलेलं प्रत्येक पार्सल माझ्याच टेबलावर उघडतं. त्यामुळे तुमचा राग मला कळतो. परतीच्या गाडीतून एका सकाळी चौदा पार्सलं उतरली की पोटात कसा गोळा येतो, ते मीही भोगलंय. तरीही मला वाटतं, आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो आहोत.

यादीचं आधी सांगते. त्या यादीतला चौथा नंबर मी ओळखला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावच्या शिक्षिका आहेत. वडिलांसाठी त्यांनी आमच्याकडून एक जेकार्ड चादर मागवली होती, रोख पैसे देऊन घेण्याच्या बोलीवर, किंमत १,१४९ रुपये. पार्सल निघालं, आठव्या दिवशी त्यांच्या तालुक्याला पोचलं आणि त्याच रात्री कुरिअरच्या पॅनेलवर शेरा आला: `Customer Refused`. वेळ होती रात्री ८ वाजून ५२ मिनिटं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सणाची गर्दी होती. पॅनेल उघडायला संध्याकाळ झाली आणि तोवर पुढची ओळ उमटली होती: `RTO Initiated`. म्हणजे माल परतीला लागला. एकदा ही ओळ आली की बहुतेक ठिकाणी काहीच हातात राहत नाही. गाडी वळवता येत नाही.

तरी मी फोन लावला. बाई म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे कोणी आलंच नाही. मी तर दोन दिवस पैसे बाजूला काढून ठेवलेत.” मी कुरिअरवाल्यांना विचारलं, की तुमच्या मुलाने त्यांना फोन केल्याची नोंद दाखवा. नोंद नव्हती. आता विचार करा. रात्रीचे नऊ वाजत आलेले, गाव तालुक्यापासून दूर, मुलाला मोबदला पोचवलेल्या पार्सलामागे, आणि बॅगेतलं प्रत्येक पार्सल दिवस संपण्याआधी कोणत्या ना कोणत्या शेऱ्याखाली बंद करावंच लागतं. त्याने यादीतला हाताशी आलेला शेरा दाबला. त्या मुलावर मी चिडले नाही, पण त्या शेऱ्यावर विश्वास ठेवायचं मात्र त्या दिवसापासून सोडलं. आणि रविवारी त्याच बाईंचा नंबर आपल्या यादीत होता. आपल्यापैकीच दुसऱ्या कुणाचं तरी पार्सल तिथून असंच परत आलं असणार.

म्हणून माझी पहिली विनंती अशी: ‘नाकारलं’ हे कुरिअरचं म्हणणं आहे, गिऱ्हाईकाचं अजून ऐकायचंय, असं धरून चाला. पॅनेलवर न पोचलेल्या मालाची जी यादी येते ती मी आता रोज दोनदा उघडते, सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला. पहिला शेरा आणि परतीचा हुकूम यांच्यात साधारण एखाद-दोन दिवसांची फट असते. कुरिअरप्रमाणे ती कमीजास्त होते, पण असते. त्या फटीत फोन झाला तरच काही वाचतं. आणि फोनवर “पार्सल का नाकारलं?” असं विचारूच नका. समोरचा माणूस लगेच बचावाला येतो आणि काहीतरी कारण सांगून मोकळा होतो. मी विचारते, “आज आमचं पार्सल घेऊन कुणी आलं होतं का?” या एका प्रश्नात सगळं उलगडतं. कुणी म्हणतं, आलंच नाही. कुणी म्हणतं, आला होता पण सुट्टे नव्हते, उद्या ये म्हणालो. कुणाच्या घरी आजोबांनी दार उघडलं आणि “आम्ही काही मागवलं नाही” म्हणून परत पाठवलं, सुनेने ऑर्डर दिलीये हे त्यांच्या गावीही नव्हतं. या तिन्ही पार्सलांना पुन्हा पाठवणीची सूचना दिली की त्यातली बरीचशी पोचतात. सूचना देताना वेळ आणि खूण नक्की लिहा: “सायंकाळी पाचनंतर, मारुती मंदिरामागे, आधी फोन करावा.” नुसतं ‘पुन्हा प्रयत्न करा’ लिहिलं तर तोच मुलगा त्याच वेळेला जातो किंवा जातच नाही.

खरोखर मन बदललेले लोक असतातच. कुणाला बाजारात स्वस्त मिळतं, कुणी रात्री मोबाईल चाळता चाळता ऑर्डर टाकतं आणि सकाळी विसरतं. काही नंबर तर खोटेच असतात. अशांसाठी आपापल्या वहीत खूण करा आणि पुढच्या वेळी त्यांच्याकडून आधी पैसे घ्या. इतकं पुरतं. दुसऱ्याचा मोबाईल नंबर शंभर लोकांच्या ग्रुपात फिरवायला मात्र माझा ठाम विरोध आहे. एक तर तो शेरा खरा की खोटा हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि नंबर त्या माणसाने आपल्याला चादर पोचवण्यासाठी दिलेला असतो.

आता पैशाचं बोलू. रविवारी कुणीतरी म्हणालं, “परतीच्या एका पार्सलात काय जातं, शंभर-सव्वाशे रुपये.” तसं नाही. त्या गोंदियाच्या चादरीचाच हिशेब मांडते, आमच्याच वहीतला. किंमत १,१४९, त्यातला ५ टक्के जीएसटी वजा केला की हाती १,०९४ राहतात. चादर तयार व्हायला आम्हाला ७६० पडतात. पार्सल नीट पोचलं असतं, तर जायचं भाडं १५०, रोख वसुलीचा आकार ४० आणि पिशवी-टेप-लेबल मिळून २२ गेले असते आणि आमच्याकडे १२२ रुपये उरले असते. पार्सल परत आलं, तेव्हा वसुलीचा आकार लागला नाही, पण जायचं १५०, यायचं १३५, वाया गेलेलं पॅकिंग २२ आणि पुन्हा तपासून घडी घालायची मजुरी १५, असे ३२२ रुपये गेले. भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी यात धरलेला नाही, कारण आमची नोंदणी आहे आणि तो आम्हाला क्रेडिटमध्ये मिळतो. म्हणजे एका परतीने पोचलेल्या अडीचहून जास्त पार्सलांची कमाई खाल्ली.

पण या हिशेबात गिऱ्हाईकाचा हात नसलेली एक जागा आहे आणि ती मला फार उशिरा दिसली. चादरीचं पार्सल काट्यावर भरतं १ किलो ९८० ग्रॅम. आम्हाला भाडं लागत होतं ३ किलोचं. कारण कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. आमच्या कुरिअरचं सूत्र असं आहे:

लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) ÷ ५०००

काही जण ५००० ऐवजी कमी आकड्याने भागतात, तेव्हा वजन आणखी फुगतं. म्हणून करारात हा आकडा आधी बघून घ्या. आमची सैल घडीची चादर पिशवीत ३८ × ३० × १३ व्हायची. गुणाकार १४,८२०, भागिले ५०००, म्हणजे २.९६, आणि टप्पा ३ किलोचा. आपण हवेचं भाडं भरत होतो, तेही जाताना आणि येताना. सासऱ्यांनी एक दिवस हे ऐकलं आणि गाठी बांधायच्या जुन्या हातप्रेसवर फळी ठेवून चादर दाबून दाखवली. ३६ × २८ × ९ झाली. आता आकारमानाचं वजन १.८१, म्हणजे प्रत्यक्ष वजनापेक्षा कमी, आणि टप्पा २ किलोचा. जायचं भाडं १०८, यायचं ९७. पोचलेल्या पार्सलामागे १२२ ऐवजी १६४ उरू लागले आणि परतीचा फटका ३२२ वरून २४२ वर आला. म्हणजे अडीच पार्सलांची कमाई बुडायची ती आता दीडच पार्सलाची बुडते. गिऱ्हाईक तेच, नकारही तितकेच. टॉवेलाला मात्र इतकं दाबू नका. टेरीचे लूप बसतात, आणि पिशवी उघडल्यावर टॉवेल पातळ वाटला की गिऱ्हाईक तक्रार करतं. झटकल्यावर तो फुलतो, पण ते त्याला पार्सलात चिठ्ठी घालून सांगावं लागतं.

आता माझ्या टेबलावर या. परतीचं पार्सल दारात येतं तेव्हाची पहिली पाच मिनिटं आपण सगळे वाया घालवतो. मीही घालवली आणि एकदा चांगलीच ठेच लागली. पावसाळ्यात एका सकाळी चौदा पार्सलं उतरली. मुलगा घाईत होता. त्याच्या मोबाईलवर मी एकदाच बोटाने सही केली आणि चौदाही आत घेतली. दुपारी उघडायला बसले, तर अकराव्या पार्सलात आमच्या चादरीऐवजी एक जुनी विटलेली सुती बेडशीट. पिशवी आमची, लेबल आमचं, पण तळाची टेप आमची नव्हती. आमची टेप रुंद असते, ही अरुंद आणि जराशी पिवळट होती. कुरिअरकडे दावा लावला. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही आहे, दावा नामंजूर. सही माझीच होती. काय बोलणार?

त्यानंतर मी नियम केला. जाताना लेबलावर शाईने वजन लिहायचं, ‘१.९८०’ असं ठळक. येताना मुलगा दारात उभा असतानाच प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवायचं. चौदा पार्सलं वजन करायला सात-आठ मिनिटं लागतात. मुलाला मी आधी पाणी देते, उन्हाळ्यात ताक देते, आणि सांगते, “दादा, वजन होऊ दे, मग सही.” वजन जुळलं तर सही. कमी भरलं, टेप वेगळी दिसली किंवा पिशवी फाटलेली असली, तर त्या पार्सलापुरता ‘वजन कमी, १.३१०’ असा शेरा लिहूनच सही करायची किंवा घ्यायलाच नकार द्यायचा. त्यांच्या मोबाईलवर शेरा लिहायची सोय नसेल तर कागदी यादीवर लिहून तिचा फोटो काढायचा, त्यात मुलाच्या हातातलं यंत्रही दिसलं पाहिजे. आणि उघडताना एकाच सलग व्हिडिओत आधी लेबल आणि त्यावरचा एडब्ल्यूबी नंबर, मग सहाही बाजू, मग काट्यावरचा आकडा, मग कात्री. मध्ये व्हिडिओ थांबवला तर दावा पडतो. बऱ्याच ठिकाणी दाव्याची मुदत २४ ते ४८ तासच असते, त्यामुळे “रविवारी निवांत उघडू” हे चालत नाही.

वजनाची आणखी एक गंमत सांगते, कारण ती आपल्या सुती मालाला विशेष लागू आहे. पार्सल कमी भरलं तर चोरीची शंका घ्या, पण जास्त भरलं तर पाण्याची घ्या. जुलैत एक चादर १ किलो ९८० ची गेली आणि २ किलो १३० ची परत आली. बाहेरून पिशवी कोरडी होती. आत हात घातला तर घडीचा मधला भाग गारेगार लागला आणि नाकाला तो ओल्या गोणपाटाचा वास आला. लाल काठाचा रंग शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर फिक्का गुलाबी उतरला होता, घडीच्या रेषेत, अगदी सरळ. ती चादर मी त्याच दिवशी सावलीत दोरीवर टाकली म्हणून बुरशीचे काळे ठिपके पडले नाहीत. पण पहिल्या प्रतीच्या मालात ती परत गेली नाही. दुकानाच्या गल्ल्यावर डाग दाखवून कमी भावात विकली. हीच चादर न उघडता दुसऱ्या गिऱ्हाईकाला पाठवली असती, तर पुढचं परत येणं खरंच आपल्या चुकीचं झालं असतं.

इथे एक भेद सगळ्यांनी नीट करावा. दारातूनच परत आलेलं पार्सल गिऱ्हाईकाने उघडलेलं नसतं. त्याची शिवण आणि टेप जशीच्या तशी असली पाहिजे. घेऊन, वापरून किंवा उघडून परत केलेला माल वेगळा. आपण दोन्ही एकाच गठ्ठ्यात टाकतो आणि मग चांगला माल धुवायला जातो आणि वापरलेला नवा म्हणून विकला जातो. माझ्याकडे दोन वेगवेगळे रॅक आहेत. दारातून परतलेलं पार्सल टेप शाबूत, वजन बरोबर, वास नाही, असं असेल तर बाहेरची मळलेली पिशवी काढून नव्या पिशवीत थेट पहिल्या प्रतीत जातं. जुनी पिशवी उलटी करून वापरायचा मोह आवरा. आणि जुनं लेबल पूर्ण काढून फाडा. त्यावर नवीन लेबल चिकटवून भागत नाही, कारण कोपऱ्यातून जुना बारकोड डोकावला तर हबवरचं यंत्र तोच वाचतं आणि नवं पार्सल जुन्या नावावर फिरत बसतं. आमचं एक पार्सल असंच पुण्याहून परत आलं होतं. शिवाय त्या लेबलावर कुणाचं तरी नाव, पत्ता आणि फोन असतो. तो कचऱ्यात तसाच जाऊ नये.

साठ्यात नग कधी वाढवायचा, यावरही आपण गडबड करतो. `RTO Initiated` दिसलं की काही जण लगेच साठ्यात एक वाढवतात. तो नग अजून नागपूरच्या आसपास गाडीत असतो. यायला दहा-पंधरा दिवस लागतात, कधी वीस. मधल्या काळात त्याची ऑर्डर येते, माल नसतो, ऑर्डर रद्द करावी लागते आणि आपल्या खात्याचं मानांकन पडतं. नग माझ्या हाताखालून गेला आणि तपासून रॅकवर बसला, की मगच मी आकडा बदलते. कुरिअरच्या पॅनेलवर ‘परत पोचला’ दिसतंय पण आपल्याकडे आलाच नाही, असंही होतं. म्हणून दर सोमवारी मी पॅनेलवरची परतीची यादी आणि माझी वही समोरासमोर ठेवते.

त्याच दिवशी क्रेडिट नोटही काढते. माल निघताना बिल झालेलं असतं, म्हणजे त्या १,१४९ मधले जवळपास ५५ रुपये कर म्हणून आपल्या देण्यात धरले जातात. माल परत आला तरी क्रेडिट नोट काढून विवरणपत्रात दाखवली नाही, तर न विकलेल्या चादरीचा कर आपण भरतो. त्याला शेवटची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातली ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर ती तारीख. वर्षाअखेरीला सगळं एकदम करू म्हटलं की निम्म्या पार्सलांचे कागद सापडत नाहीत. आपले सीए हे सांगतात, आपण ऐकत नाही.

आता ज्यावरून रविवारी आवाज चढले, तो परताव्याचा प्रश्न. रोख पैसे देऊन घ्यायच्या पार्सलात परत द्यायला आपल्याकडे काही आलेलंच नसतं. भांडण आहे ते आधी भरलेल्या पैशांचं. ‘नकार दिल्यास पैसे मिळणार नाहीत’ ही ओळ सरसकट छापणं कायद्यातही बसत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. त्यांत विक्रेत्यावर स्पष्ट बंधन आहे, की माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येणार नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तेवढी सूट आहे. ऑर्डर पक्की झाल्यावर गिऱ्हाईकाने ती रद्द केली म्हणून दंड लावायचा, तर आपण एकतर्फी रद्द केल्यावर तसाच दंड स्वतः सोसायची तयारी पाहिजे. आणि परतीची पद्धत, परतीचं भाडं कुणावर, हे सगळं गिऱ्हाईकाला आधी सांगणं बंधनकारक आहे. लग्नासाठी मागवलेल्या टॉवेलांचा संच लग्नानंतर चार दिवसांनी पोचला आणि त्या माणसाने नाकारला, तर तुम्ही त्याचे पैसे कोणत्या तोंडाने ठेवून घेणार?

मी असं करते. आधी कारण शोधते. कुणी आलंच नव्हतं, उशीर झाला किंवा पार्सल फाटकं पोचलं, तर दोष कुरिअरचा किंवा आपला. अशा गिऱ्हाईकाला त्याच दिवशी विचारते, “दुसरी चादर पाठवू की पैसे परत?” पैसे म्हणाला तर पूर्ण रक्कम लगेच काढते, माल परत यायची वाट बघत नाही. त्याने वीस दिवस का थांबायचं? खरोखर मन बदललं असेल, तर माल परत येऊन तपासला की पैसे सोडते आणि त्यातून फक्त जायचं भाडं कापते, तेही पैसे भरायच्या पानावर ते आकड्यासह लिहिलेलं असेल तरच. परतीचं भाडं मी सोसते. पेमेंट गेटवेने आधी कापलेला आकार आपल्याला बहुतेक परत मिळत नाही. तो धंद्याचा खर्च म्हणून मी सोडून देते. पैसे सोडल्यावर बँकेत पोचायला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक तीनदा फोन करतं. म्हणून परताव्याचा संदर्भ क्रमांक मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. तो नंबर घेऊन ते आपल्या बँकेत विचारू शकतात, आणि फोन बंद होतात.

गोंदियाच्या बाईंना मी त्याच संध्याकाळी दुसरी, दाबून बांधलेली चादर पाठवली. पहिली परत यायला सोळा दिवस लागले. दुसरी त्याआधीच पोचली होती आणि त्यांनी रोख पैसे मोजून घेतली. दिवाळीत त्यांच्या शाळेतल्या चार जणींनी मागवल्या, चारही जणींनी आधी पैसे भरून.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. नंबरांची ती यादी ग्रुपवरून काढा, आणि ज्यांनी उतरवून घेतली आहे त्यांनीही पुसा. कुरिअरवाल्यांशी भाड्याची घासाघीस आपण दरवर्षी करतोच, यंदा त्यासोबत आणखी एक अट घाला: गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर गेलेला ओटीपी सांगितल्याशिवाय ‘नाकारलं’ हा शेरा लागू नये. ही सोय काही कुरिअर देतात. आपण एकेकटे मागायला गेलो तर कुणी दाद देत नाही, एकत्र मागितली तर द्यावी लागेल. आणि आपल्या पानावर छापायच्या ओळीऐवजी मी हा मजकूर सुचवते, हवा तसा बदला:

“पार्सल फाटलेलं असेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलं असेल, तर घेऊ नका. आम्हाला कळवा, पूर्ण पैसे परत मिळतील. मन बदललं तरी हरकत नाही. माल आमच्याकडे परत आल्यावर जाण्याचं भाडं १०८ रुपये वजा करून बाकीची रक्कम परत केली जाईल. पार्सल घेऊन कुणी आलंच नाही आणि तरी ‘नाकारलं’ असा संदेश आला, तर त्याच दिवशी फोन करा.”

पुढच्या रविवारी मी काटा आणि दोन चादरी घेऊन येते. एक सैल घडीची, एक दाबलेली. ज्यांना आपापल्या पार्सलांची मापं घेऊन बघायची असतील त्यांनी मोजपट्टी आणावी.

आपली,
अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात परतीचं टेबल सांभाळणारी
सोलापूर